मेनूकार्डाच्या फोटोचं भाषांतर कसं करायचं, आणि कुठली नावं हात न लावता ठेवायची

ओळखीतलं कोणीतरी परदेशात फिरायला गेलेलं असतं, जेवायला कुठेतरी बसलेलं असतं आणि तिथून मेनूकार्डाचे चार तिरके फोटो येतात, खाली फक्त "यात व्हेज काय आहे लवकर सांग". इटालियन थोडीफार येते म्हणून हे काम माझ्याकडे गेली काही वर्षं येतंय आणि सुरुवातीला मी ते इतकं वाईट करायचो की सांगायची सोय नाही. म्हणून नव्याने करणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरणं सगळी इटालियन मेनूची आहेत, कारण माझ्या चुका तिथेच झाल्यात. भाषा वेगळी असली तरी कामाची पद्धत तीच.

आधी फोटो. मेनूवर प्लास्टिकचं कव्हर असतं आणि वर दिवा असतो, त्यामुळे फोटोत मधोमध पांढरा डाग येतो आणि नेमकी तिथलीच दोन अक्षरं जातात. फ्लॅश बंद ठेवायला सांगायचं, कार्ड थोडं कलतं धरायचं म्हणजे चमक बाजूला सरकते, आणि अख्खं पान एका फोटोत कोंबायच्या ऐवजी अर्धं अर्धं पान काढायचं. अजून एक गोष्ट आवर्जून सांगा, पानाच्या तळाची बारीक अक्षरातली ओळ फोटोत आलीच पाहिजे. लोक ती कापतात, आणि निम्मी उपयोगी माहिती तिथेच असते, ते पुढे येईलच.

फोटो आला की लगेच भाषांतर सुरू करायचं नाही. आधी जे दिसतंय ते मूळ भाषेत जसंच्या तसं टाइप करून काढायचं. हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे फोनमधलं कॅमेऱ्याचं ट्रान्सलेट उघडतात आणि फोटोवर जे मराठी किंवा इंग्रजी चिकटतं तेच पुढे पाठवतात. त्यात दोन चुका एकमेकींत मिसळतात, एक वाचायची आणि एक अर्थाची, आणि मग चुकलं कुठे ते सापडत नाही. तुम्हाला टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनला फक्त अक्षरं उचलायला लावा, पण मग फोटोशी ओळ न् ओळ ताडून बघा. मशीनच्या चुका ठरलेल्या असतात: आर आणि एन शेजारी शेजारी आले की त्याला ते एम वाटतं, म्हणजे कार्ने, अर्थात मांस, हा शब्द कामे होऊन बसतो आणि यादीतून मांसच गायब. दोन कॉलमचा मेनू असला की ते डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून तिसराच पदार्थ तयार करतं. हाताने लिहिलेल्या फळ्यावर तर एक आणि सात यांचा घोळ होतो, कारण तिकडे एकच्या डोक्यावर लांब तिरकी रेघ असते आणि सातला मधून आडवी रेघ मारतात.

जे वाचता येत नाही तिथे चौकटी कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा, अंदाजाने भरू नका. मी एकदा भरलं होतं. एका नातेवाइकांच्या ग्रुपने पाठवलेल्या फोटोत पी, ओ, एल, मग पांढरा डाग, मग ओ, आणि पुढे "ए पाताते" म्हणजे "आणि बटाटे" असं स्पष्ट दिसत होतं. मी ठोकून दिलं पोल्लो, म्हणजे चिकन, चिकन-बटाटे कुठेही असतातच की. आणि टेबलावर आला ऑक्टोपस, गोल गोल कापलेला, चोषक दिसतायत असा. तो शब्द पोल्पो होता. एका अक्षराचा फरक.

आता तोच फोटो मी परत बघितला तेव्हा उत्तर तिथेच होतं, मी बघितलं नव्हतं एवढंच. एक तर पदार्थ "आन्तिपास्ती दी मारे" या मथळ्याखाली होता, मारे म्हणजे समुद्र. दुसरं म्हणजे नावाच्या शेवटी बारीक अक्षरात १४ आकडा होता. हे बारीक आकडे पाहून लोक गोंधळतात, कोणाला किंमत वाटते तर कोणाला तळटीप. ते ॲलर्जीचे असतात. युरोपियन युनियनच्या २०११ च्या ११६९ क्रमांकाच्या नियमानुसार १४ ॲलर्जीकारक गोष्टींची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते, १३ डिसेंबर २०१४ पासून हे लागू आहे, आणि बरीच हॉटेलं त्या नियमातल्या यादीचाच क्रम घेऊन पदार्थापुढे आकडे छापतात. त्या क्रमात १ म्हणजे ग्लूटेनवाली धान्यं, ३ अंडी, ४ मासे, ७ दूध, आणि १४ म्हणजे शिंपले-कालवं-ऑक्टोपस या जातीचे मऊ अंगाचे प्राणी. चिकनपुढे १४ यायचं काही कारणच नाही. फक्त एक काळजी घ्या, प्रत्येक हॉटेल हाच क्रम पाळेल असं नाही, काही जण अक्षरं वापरतात काही जण चित्रं, म्हणून त्या मेनूच्या तळाला दिलेली यादी बघूनच आकडा वाचायचा. तळाची ओळ कापू नका म्हटलं ते यासाठी. वाचायला अडलेला शब्द सोडवायला आणि शाकाहारी माणसाला अंडं आहे की नाही सांगायला या आकड्यांइतकी भरवशाची दुसरी गोष्ट मेनूवर नसते, पण त्यातही एक भोक आहे: मटण-चिकन-पोर्क हे त्या १४ मध्ये येतच नाही, त्यामुळे आकड्यांत मांस शोधू नका.

आता मुख्य भाग, नावं.

नवीन माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे सगळंच भाषांतर करायचं. मीही तेच केलं. बीन्सचा एक पदार्थ असतो, फाजोली आल्लुच्चेल्लेत्तो, शब्दशः "चिमुकल्या पक्ष्यासारखे बीन्स". मी लिहिलं "पक्ष्यांचे बीन्स", आणि आमच्या शाकाहारी मावशींनी तो पदार्थ यादीतून पहिला खोडला. त्यात पक्षी औषधालासुद्धा नसतो. पांढरे बीन्स, टोमॅटो, लसूण आणि सेजची पानं एवढंच असतं. नाव कशावरून पडलं तर लहान पक्षी रांधताना हीच सेजची पानं वापरायचे म्हणून, असं साधारण सांगतात. म्हणजे मावशींना चालणारा अख्ख्या पानावरचा सगळ्यात पोटभर पदार्थ मी माझ्या हुशारीने घालवला. (काही ठिकाणी त्यात सॉसेज घालतात, ते मेनूत वेगळं लिहिलेलं असतं, तेवढं बघायचं.)

तेव्हापासून मी प्रत्येक नावाला दोन प्रश्न विचारतो. एक, या नावाचं भाषांतर वाचून खाणाऱ्याला ताटात काय येणार ते कळेल का? दोन, ते भाषांतर वेटरला वाचून दाखवलं तर त्याला काही बोध होईल का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर भाषांतर करा, नाही असेल तर नावाला हात लावू नका, त्याच्यापुढे आत काय आहे ते लिहा. आणि दुसऱ्याचं उत्तर जवळपास नेहमी नाहीच असतं, म्हणून मूळ नाव, मूळ अक्षरांत, भाषांतराशेजारी कायम ठेवायचं, ते काढून टाकायचा विचारही करायचा नाही. माणसाला शेवटी बोट ठेवून दाखवायचं असतं.

या कसोटीवर काही नावं सरळ सुटतात. पाताते आर्रोस्तो, म्हणजे भाजलेले बटाटे. वेर्दुरे ग्रिल्याते, म्हणजे ग्रिल केलेल्या भाज्या. इन्सालाता मिस्ता, म्हणजे मिक्स सॅलड. ही नावं नाहीतच खरं तर, वर्णनं आहेत, इथे मूळ शब्द देवनागरीत लिहून उगाच वजन आणायचं नाही. तसंच दुसऱ्या टोकाला पिझ्झा, रिझोत्तो, लझान्या, यांचं काय भाषांतर करणार, ती आहेत तशी सगळ्यांना माहीत आहेत.

अवघड असतात ती मधली, ज्यांच्या नावात एखादं चित्र किंवा विनोद लपलेला असतो. स्त्रोत्साप्रेती म्हणजे शब्दशः पाद्र्याचा गळा घोटणारे, आणि असतो तो पीळ दिलेला पास्ता. आर्राब्ब्याता म्हणजे रागावलेली, तर सॉस टोमॅटो-लसूण-मिरचीचा, तिखट. साल्तिम्बोक्का म्हणजे तोंडात उडी मार, आणि ताटात येतात वासराच्या मांसाचे पातळ तुकडे, वर हॅम आणि सेजचं पान. पुत्तानेस्काचा शब्दशः अर्थ जेवायला बसलेल्या सासू-सासऱ्यांपुढे वाचून दाखवण्यासारखा नाही, मी तो एकदा अनवधानाने तसाच पाठवलाय, त्यावर जास्त बोलत नाही. पण त्या सॉसमध्ये ऑलिव्ह आणि केपर्सबरोबर ॲन्चोव्ही नावाचे खारवलेले छोटे मासे असतात, आणि नुसतं "टोमॅटो सॉस" म्हणून शाकाहारी माणूस तो मागवतो, हे सांगणं नावाच्या गमतीपेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. अशी सगळी नावं तशीच ठेवा. गंमत सांगायची हौस असेल तर शेवटी वेगळ्या ओळीत सांगा, यादीत नको, भूक लागलेल्या माणसाला व्युत्पत्ती नको असते.

मग येतात फसवी नावं, जी वाचून आपल्याला अर्थ कळला असं वाटतं. यांच्यावर मी जास्त वेळ घालवतो, कारण इथे शंका येतच नाही. त्सुप्पा इंग्लेझे म्हणजे अक्षरशः "इंग्लिश सूप", कोणीतरी ते आधी मागवतं, आणि ते निघतं गोड, केक आणि कस्टर्डचे थर असलेलं. त्यातला केक आल्केर्मेस नावाच्या लाल लिकरमध्ये भिजवलेला असतो, म्हणजे दारू आहे, आणि तो लाल रंग पारंपरिक पद्धतीत किड्यांपासून काढतात, तेव्हा न खाणाऱ्याला दोन्ही गोष्टी सांगा. पिझ्झा मारिनारा हे नाव ऐकून समुद्रातलं काहीतरी असणार असं वाटतं, तर त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल, मासे नाहीत आणि चीजसुद्धा नाही. दूध न खाणाऱ्याला मी हाच सुचवतो. आणि पेपेरोनी! मधे एकच पी असलेलं इटालियन पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. ज्यांना मांसाच्या तिखट चकत्या हव्या असतात ते हा पिझ्झा मागवतात आणि हिरमुसतात, आणि ज्यांना खरंच चालला असता ते नाव बघून घाबरून सोडतात, दोन्ही बाजूंनी नुकसान. मांसाच्या चकत्या हव्या असतील तर सालामे पिक्कान्ते शोधायचं. तशीच पेशे आणि पेस्के ही जोडी, पहिलं म्हणजे मासा आणि दुसरं म्हणजे पीच फळ, लिहिताना मधे फक्त एका एचचा फरक.

चीज आणि खारवलेल्या मांसाची नावं मी कधी मोडत नाही, पण त्यांच्यापुढे दोन शब्दांचं स्पष्टीकरण टाकतो. ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. ब्रेझाओला, म्हणजे वाळवलेलं बीफ. प्रोशुत्तो क्रूदोमधल्या क्रूदोचा अर्थ "कच्चा" असा आहे, पण यादीत "कच्चं डुकराचं मांस" लिहिलंत तर कोणी त्याच्याजवळ जाणार नाही, ते शिजवलेलं नसतं तरी मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवलेलं असतं, तेव्हा "मुरवलेला हॅम, पातळ काप" एवढं बरोबर. पार्मिजानो रेज्जानो म्हटलं की मी एक जास्तीची खूण करतो, कारण ते चीज बनवताना दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. बऱ्याच शाकाहारी लोकांना हे चालतं, काहींना अजिबात नाही, ठरवायचं त्यांनी, पण माहिती द्यायची आपण. मेनूवर हे कुठेही लिहिलेलं नसतं आणि ॲलर्जीच्या आकड्यात ते फक्त ७, दूध, एवढंच दिसतं.

आणि एक मोह टाळा. अनोळखी पदार्थाला आपल्या ओळखीच्या पदार्थाचं नाव द्यायचं नाही. समजायला सोपं जातं खरं, पण मग माणूस त्या चवीची वाट बघत बसतो आणि समोर आलेलं चांगलं असूनही त्याला फसवल्यासारखं वाटतं. न्योक्की असेल तर न्योक्कीच, "बटाटा आणि मैद्याचे उकडलेले छोटे मऊ गोळे" हे पुरे.

नाव देवनागरीत लिहिताना उच्चार एकदा तपासा, कारण समोरचा ते मोठ्याने वाचणार आहे. इटालियनमध्ये सीएच म्हणजे क, त्यामुळे ब्रुस्केत्ता, ब्रुशेटा नाही. सी नंतर आय किंवा ई आला की च, म्हणून पान्चेत्ता. जीएल नंतर आय आला की ल्य, ताल्यातेल्ले. एवढ्यात नव्वद टक्के मेनू निभतो. एखादं नाव काही केल्या उलगडत नसेल तर शब्द तोडून डिक्शनरीत बघू नका, अख्खं नाव आणि पुढे इंग्रेदियेन्ती, म्हणजे घटक, हा शब्द टाकून सर्च करा:

```
fagioli all'uccelletto ingredienti
```

तीन-चार पाककृती उघडून जे सगळ्यांत समान आहे तेच लिहा, एकाच पानावर असलेलं सोडा, ते त्या स्वयंपाक्याचं स्वतःचं असतं.

आता पाठवायचं कसं. मी एका पदार्थाला एकच ओळ ठेवतो: मूळ नाव, उच्चार, मग मुख्य वस्तू, मग शिजवायची पद्धत, आणि इशारा असेल तर सगळ्यात शेवटी. उदाहरणार्थ त्या फसलेल्या फोटोतल्या चार ओळी आज मी अशा लिहीन:

```
Polpo e patate – पोल्पो ए पाताते: ऑक्टोपस आणि बटाटे
Vitello tonnato – वितेल्लो तोन्नातो: वासराच्या मांसाचे थंड काप, वर ट्यूना माशाचा सॉस. मांस + मासा
Parmigiana di melanzane – पार्मिजाना दी मेलान्झाने: वांग्याचे थर, टोमॅटो, चीज, ओव्हनमध्ये. पार्मिजानोमध्ये रेनेट
Patate arrosto – भाजलेले बटाटे
```

बघा, शेवटच्या ओळीत उच्चार दिलाच नाही, गरज नाही, बोट ठेवलं की झालं. आणि दुसऱ्या ओळीत शब्दशः गेलं असतं तर "ट्यूना केलेलं वासरू" असं काहीतरी झालं असतं, जे मला एका ट्रान्सलेट ॲपने खरोखर दाखवलंय.

पदार्थ संपले की आकड्यांकडे वळायचं, इथे पटकन उरकता येतं. किमतीत दशांशाला स्वल्पविराम असतो, तो आपल्या टिंबासारखाच वाचायचा, हजाराचा समजून घाबरू नका. किमतीपुढे "लेत्तो" असेल तर ती किंमत १०० ग्रॅमची आहे, अख्ख्या प्लेटची नाही, मासे आणि मोठ्या स्टेकपुढे हे हमखास असतं आणि एक स्टेक सहज किलोभर भरतो, तेव्हा हे मी यादीत वर ठळक लिहितो. एस आणि क्यू अशी दोन अक्षरं असतील तर वजनाप्रमाणे पैसे, आधी विचारून घ्यायचं. कोपेर्तो हा पदार्थ नाही, बसण्याचा माणशी आकार आहे, एकदा एका काकांनी तो दोन प्लेट मागवला होता. पदार्थापुढे फुली किंवा चांदणी असेल तर तळाशी बघा, बहुतेक वेळा त्याचा अर्थ माल फ्रोझन आहे असा असतो.

पाठवण्याआधी शेवटचं एक काम, मूळ फोटो परत उघडायचा आणि आपल्या यादीतल्या ओळी मोजायच्या, फोटोत सतरा पदार्थ असतील तर यादीत सतरा हवेत. माझ्या यादीत दर वेळी एक तरी कमी भरतो, आणि तो बहुतेक कॉलम संपतो तिथला किंवा घडीत गेलेला असतो. आणि जिथे प्रश्नचिन्ह उरलंय तिथे स्पष्ट लिहा, "हा शब्द वाचता येत नाही, वेटरला विचारा", आणि विचारायचं वाक्यही सोबत द्या, "चे कार्ने?", म्हणजे यात मांस आहे का. उत्तर मान हलवून मिळतं, पण एक लक्षात ठेवा, कार्ने म्हटल्यावर काही जण मासा त्यात धरत नाहीत, म्हणून "चे पेशे?" हेही वेगळं विचारायचं.